घरकर्जात ठेवलेल्या पैशांचा हिशेब कर्जदाराला दिसू द्या

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई

महोदय,



मी डोंबिवलीत करसल्लागार म्हणून काम करतो. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक पगारदार असतात आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यावर घरकर्ज असते. विवरणपत्राचे काम संपले, की ते हमखास एक प्रश्न विचारतात. बोनस आला आहे, गावची जमीन विकून वाट्याला काही रक्कम आली आहे किंवा वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून थोडे हातात ठेवले आहेत. आता हे पैसे कर्जात भरावेत की मुदत ठेवीत ठेवावेत? या दोन्हींच्या मधली एक वाट आपल्या बँकांनी कित्येक वर्षांपासून उघडून ठेवली आहे. घरकर्ज साध्या मुदत कर्जाऐवजी ओव्हरड्राफ्टच्या रूपात घ्यायचे आणि हाताशी असलेले जास्तीचे पैसे त्याच खात्यात ठेवायचे. स्टेट बँकेचे मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचे होम लोन अ‍ॅडव्हान्टेज, बँक ऑफ महाराष्ट्रचे महा सुपर फ्लेक्सी ही त्याची नावे. पैसे जितके दिवस खात्यात राहतात, तितके दिवस तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की धनादेश फाडून ते परत काढता येतात.

ही सोय चांगली आहे. योग्य माणसाला मी ती स्वतःहून सुचवतो. पण ती घेतलेल्या माणसाला आपला त्यात फायदा होतो आहे की तोटा, हे बँकेच्या कागदावर कुठेच दिसत नाही, आणि तिच्यातले दोन-तीन धोके त्याला कुणी सांगत नाही. हे दुरुस्त करणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

आधी या सोयीची गरज का पडते ते सांगतो. बदलत्या दराच्या घरकर्जाची मुदतपूर्व परतफेड केली तर बँकेने दंड घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ साली काढला. त्यामुळे आज कुणीही कर्जात जास्तीचे पैसे विनाशुल्क भरू शकतो. पण साध्या कर्जात भरलेला पैसा परत येत नाही. सहा लाख भरले आणि वर्षभराने आईच्या बायपासचा खर्च आला, तर तेच सहा लाख टॉप-अप कर्ज म्हणून नव्याने मागावे लागतात. नवा अर्ज, नवे उत्पन्नाचे दाखले, आणि नेमकी त्याच वेळी नोकरी गेलेली असेल तर नकार. या भीतीपोटी लोक पैसे बचत खात्यात नाहीतर मुदत ठेवीत ठेवतात आणि शेजारच्याच खात्यावर साडेसात टक्क्यांनी व्याज भरत राहतात. ओव्हरड्राफ्ट ही भीती घालवतो.

आता आकडे मांडतो. हे दर उदाहरणासाठी घेतले आहेत. बँकेगणिक आणि महिन्यागणिक ते बदलतात. समजा ५० लाखांचे कर्ज आहे, मुदत २० वर्षे. साधे कर्ज साडेसात टक्क्यांनी मिळते आणि तीच बँक ओव्हरड्राफ्टच्या रूपातले कर्ज पावणेआठ टक्क्यांनी देते. हा पाव टक्का लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच फिरतो. साध्या कर्जाचा हप्ता सुमारे ४०,२८० रुपये येतो आणि ओव्हरड्राफ्टचा ४१,०४७. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ३२,२९२ रुपये व्याजाचे आणि ८,७५५ रुपये मुद्दलाचे.

या खात्यात कर्जदाराने सहा लाख रुपये ठेवले. बँक व्याज रोजच्या शिलकीवर मोजते, म्हणून त्या दिवसापासून व्याज ५० लाखांऐवजी ४४ लाखांवर लागू लागते. रोजचे साधारण १२७ रुपये वाचतात, महिन्याचे ३,८७५. हप्ता मात्र तोच राहतो. त्यामुळे दर महिन्याला वाचलेले हे व्याजही खात्यातच जमा होत जाते, आणि पुढच्या महिन्यापासून त्याच्यावरचेही व्याज वाचते. दर असाच राहिला आणि कर्जदाराने यातला एक रुपयाही काढला नाही, तर साधारण १८३ महिन्यांनी, म्हणजे सव्वापंधरा वर्षांत, व्याज लागणारी रक्कम शून्यावर येते. कागदावर मात्र कर्जाचे ५७ हप्ते अजून उरलेले असतात. त्या दिवशी खात्यातून काढता येण्याजोगी रक्कम साडेएकोणीस लाखांच्या घरात दिसते. सुरुवातीला ठेवलेले सहा लाख पावणेआठ टक्क्यांच्या चक्रवाढीने तिथवर पोहोचलेले असतात, आणि या वाढीवर प्राप्तिकर लागत नाही, कारण व्याज वाचले आहे, मिळालेले नाही. मुदत ठेवीचे व्याज मात्र दरवर्षी करपात्र होते.

एवढे ऐकले की माणूस खूश होतो आणि अर्जावर सही करतो. शाखेतला अधिकारीही इथेच थांबतो. वर्षाला ४६,५०० रुपये व्याज वाचेल, एवढेच तो सांगतो. तो आकडा खरा आहे, पण अर्धाच. कारण पाव टक्क्याचा जादा दर ठेवलेल्या सहा लाखांमुळे लागत नाही, तो संपूर्ण कर्जावर लागतो. पहिल्या वर्षी पाव टक्का म्हणजे सुमारे साडेबारा हजार रुपये. साध्या कर्जाशी तुलना केली तर निव्वळ बचत ३४ हजार उरते.

आणि ते सहा लाख ओव्हरड्राफ्टमध्ये गेले नसते, तर कुठेतरी काहीतरी मिळवतच होते. सव्वासहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत त्यावर ३७,५०० रुपये व्याज आले असते. वीस टक्क्यांच्या कर-टप्प्यातल्या माणसाला त्यावर उपकरासह ७,८०० रुपये कर बसतो, म्हणजे हातात २९,७०० राहिले असते. आता ३४ हजारांतून २९,७०० वजा करा. वर्षाचा खरा फायदा ४,३०० रुपये. शाखेत ४६,५०० रुपयांनी सुरू झालेले बोलणे इथे येऊन पोहोचते.

सहा लाखांच्या जागी बारा लाख असतील तर चित्र पालटते. मग ९३ हजार व्याज वाचते, जादा दराचे साडेबारा हजार जातात, आणि मुदत ठेवीतून करानंतर मिळाले असते ५९,४००. वर्षाला २१,१०० रुपये जास्त उरतात आणि पैसे हाताशीही राहतात. पण फक्त दोन लाख ठेवणाऱ्याचे काय? त्याचे व्याज वाचते १५,५००, जादा दरात जातात १२,५००, उरतात ३,०००; मुदत ठेवीत त्यालाच ९,९०० मिळाले असते. तो माणूस दरवर्षी जवळजवळ सात हजार रुपयांचा तोटा सोसतो आणि आपण व्याज वाचवतो आहोत या समाधानात असतो. या उदाहरणात बरोबरीची रेषा साडेचार लाखांच्या जरा आत येते. वर्षभराची सरासरी शिल्लक त्याच्या वर राहत असेल तर ओव्हरड्राफ्ट परवडतो, खाली राहत असेल तर साधे कर्ज बरे.

ही रेषा काढायची रीत कुणालाही जमण्याजोगी आहे. जादा दरामुळे वर्षाला किती रुपये जास्त जातात ते काढावे. मग ओव्हरड्राफ्टचा दर आणि ठेवीवर करानंतर हाती पडणारा दर यांतला फरक काढावा. इथे तो ७.७५ उणे ४.९५, म्हणजे २.८० टक्के. साडेबारा हजारांना २.८० टक्क्यांनी भागले की ४ लाख ४६ हजार येतात. पैसे एरवी बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहणार असतील तर हा फरक मोठा होतो आणि रेषा बरीच खाली उतरते. करपात्र उत्पन्न जास्त असेल तरी ती खाली उतरते. कर्ज मोठे असेल तर वर चढते. आणि वर्षे सरतात तसे कर्ज कमी होत जाते, म्हणून तीही हळूहळू खाली येते. बँकेच्या संगणकाला हे गणित करायला क्षणही लागणार नाही. तरी माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही खातेउताऱ्यावर ही रेषा मी पाहिलेली नाही.

त्या उताऱ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो. साध्या कर्जाच्या उताऱ्यात एकच आकडा महत्त्वाचा असतो: बाकी किती. ओव्हरड्राफ्टच्या उताऱ्यात तीन असतात. पहिली ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या महिन्यात जास्तीत जास्त किती कर्ज उचललेले असू शकते याची मर्यादा. ती मूळ वेळापत्रकाप्रमाणे दर महिन्याला मुद्दलाच्या भागाएवढी खाली येते. आपल्या उदाहरणात पहिल्या हप्त्यानंतर ती ४९ लाख ९१ हजार २४५ होते. दुसरा बुक बॅलन्स, म्हणजे प्रत्यक्षात देणे असलेली रक्कम, आणि तो उण्यात दिसतो. तिसरा अव्हेलेबल बॅलन्स, म्हणजे या दोहोंतला फरक. कर्जदाराने ठेवलेले आणि काढता येणारे पैसे ते हेच.

ड्रॉइंग पॉवर हे दर महिन्याला थोडे खाली सरकणारे छत आहे, एवढे एक समजले की बाकीचे उलगडते. पण ते समजावणारे वाक्य उताऱ्यावर नसते. म्हणून लोक घाबरतात. ज्याने कर्जाएवढीच रक्कम खात्यात ठेवली आहे, त्याचे व्याज शून्य होते. मग हप्ता भरून काय उपयोग, असे वाटून तो हप्ता थांबवतो, आणि दर महिन्याला त्याचा अव्हेलेबल बॅलन्स आपोआप घटताना पाहून बँक आपले पैसे कापते आहे अशी तक्रार घेऊन येतो. पैसे कुणी कापलेले नसतात. छत खाली आलेले असते, आणि तेवढे मुद्दल कायमचे फिटलेले असते. उलट एखादा हप्ते भरतच राहतो आणि खाते जमेत जाते. त्या जमेवर बँक व्याज देत नाही. आणि देणे शून्य झाले म्हणून कर्ज आपोआप बंदही होत नाही. कागदपत्रे परत मिळवायची तर लेखी अर्ज करून खाते बंद करून घ्यावे लागते.

काउंटरवर होणारी एक चूक याहून महाग पडते. कर्जदार धनादेश देतो आणि सांगतो, हे पैसे कर्जखात्यात टाका. समोरचा कर्मचारी ती रक्कम अंशतः मुदतपूर्व परतफेड म्हणून नोंदवतो. देणे कमी झाले, व्याजही कमी झाले, म्हणजे वरवर सगळे ठीक. पण परतफेडीच्या नोंदीने ड्रॉइंग पॉवरही तेवढ्याच रकमेने खाली येते आणि पैसे परत काढायची वाट बंद होते. ज्या एका कारणासाठी माणूस पाव टक्का जास्त मोजतो आहे, तेच कारण संपते. हे ओळखायची खूण सोपी आहे. पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग पॉवर पाहावी. ती होती तिथेच असेल आणि अव्हेलेबल बॅलन्स वाढला असेल तर नोंद बरोबर झाली. ड्रॉइंग पॉवर उतरली असेल तर त्याच दिवशी शाखेत जाऊन लेखी दुरुस्ती मागावी. महिनाभराने मागितली की उत्तर मिळते, आता प्रणालीत बदल होत नाही. मी सगळ्यांना सांगतो, काउंटरवर जाऊच नका, नेट बँकिंगने त्या खाते क्रमांकावर पैसे पाठवा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र आपल्यालाच लिहायला हवे होते, त्याकडे येतो.

१२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने ओव्हरड्राफ्ट खाते केव्हा बिघडलेले मानायचे याचा खुलासा केला. देणे सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिले तर ते बिघडलेले, हे उघड आहे. पण त्यात आणखी एक अट आहे. देणे मर्यादेच्या आत असले, तरी सलग ९० दिवस खात्यात काहीच जमा झाले नाही, किंवा जे जमा झाले ते त्या ९० दिवसांच्या व्याजालाही पुरले नाही, तरीही खाते बिघडलेले मानले जाते आणि अनुत्पादित कर्जात जाते. व्यवसायासाठी नसलेल्या ओव्हरड्राफ्टलाही ही व्याख्या लागू आहे, हे त्याच परिपत्रकात स्पष्ट केले आहे. व्यापाऱ्याच्या कॅश क्रेडिट खात्याचा विचार केला तर या अटीमागचे कारण रास्त आहे. धंदा चालू असेल तर खात्यात पैसे यायलाच हवेत.

पण आपल्या उदाहरणातल्या माणसाचे काय होते ते पाहा. त्याचे सहा लाख खात्यात आहेत. नोकरी जाते. तो विचार करतो, अडीअडचणीसाठीच तर पैसे ठेवले होते, आता काही महिने हप्ता यातूनच जाऊ दे. आकड्यांच्या दृष्टीने त्याचे चुकत नाही. हप्ता न भरता दर महिन्याला व्याज चढते आणि छत उतरते. दोन्ही मिळून पहिल्या महिन्यात अव्हेलेबल बॅलन्स ३७ हजारांच्या आसपास कमी होतो. सहा लाख या वेगाने साधारण पंधरा महिने पुरतात. पंधरा महिने त्याचे देणे मर्यादेच्या आतच राहते. तरीही त्याने एकदाही पैसे जमा केले नाहीत, तर तीन महिन्यांत ९० दिवसांची अट त्याला गाठते. ज्याने बँकेचे सहा लाख आगाऊ फेडून ठेवले आहेत, तो माणूस थकबाकीदार म्हणून सिबिलमध्ये पोहोचतो.

मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगतो, की पगार थांबला तरी दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम ओव्हरड्राफ्टमधून आपल्या बचत खात्यात काढा आणि ठरलेल्या तारखेला तिथूनच हप्ता पुन्हा कर्जखात्यात जाऊ द्या. खात्यावर जमेची नोंद दिसत राहते. पण महोदय, स्वतःच ठेवलेले पैसे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्याची ही कसरत माणसाला का करावी लागावी? घरकर्जाच्या ओव्हरड्राफ्टमध्ये वेळापत्रकापेक्षा जास्त जमा असलेली रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ जमा समजावी आणि ती शिल्लक असेपर्यंत ९० दिवसांची अट लागू करू नये, एवढे एक वाक्य आपण त्या खुलाशात घातले तर प्रश्न मिटेल. तोवर निदान कर्ज देतानाच ही अट मराठीत, ठळक अक्षरांत, कर्जदाराला सांगितली जावी.

दुसरी धास्ती बँक बुडण्याची. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. मुंबई-ठाण्यातली माणसे ते दिवस विसरलेली नाहीत, म्हणून घरकर्जात पैसे ठेवायला ती बिचकतात. त्यांना मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. ओव्हरड्राफ्टमध्ये ठेवलेला पैसा ठेव नाही, त्यामुळे पाच लाखांचे ठेवविमा संरक्षण त्याला लागू नाही. पण त्याची तशी गरजही नाही, कारण त्या पैशाने देणे आधीच कमी झालेले असते आणि बँकेचे काहीही झाले तरी ते पुन्हा वाढत नाही. प्रश्न असतो तो पैसे परत काढण्याचा. पैसे काढणे म्हणजे मंजूर मर्यादेतून नव्याने कर्ज उचलणे, आणि निर्बंध घातलेल्या बँकेला आपल्या परवानगीशिवाय नवे कर्ज देता येत नाही. म्हणून दवाखान्यासाठी लागणारी रक्कम, तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाएवढी, दुसऱ्या बँकेच्या बचत खात्यात ठेवावी. सगळेच्या सगळे ओव्हरड्राफ्टमध्ये घालू नये. व्याज वाचवण्याच्या ओढीत लोक नेमके हेच विसरतात.

कराचा मुद्दा थोडक्यात. खात्यात ठेवलेले पैसे मुद्दलाची परतफेड नसतात, म्हणून जुन्या करप्रणालीतल्या दीड लाखांच्या वजावटीत ते धरता येत नाहीत. हप्त्यातला वेळापत्रकाप्रमाणे येणारा मुद्दलाचा भागच धरता येतो. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर जुन्या प्रणालीत दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी सहा लाख ठेवूनही व्याज तीन लाखांच्या वरच राहते, म्हणजे वजावट बुडत नाही. आठ-नऊ वर्षांनी ती बुडू लागेल, पण व्याजच भरायचे नसेल तर वजावट गेल्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, त्यामुळे हा विचार करायची गरज नाही.

आता मागणी. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बदलत्या दराची हप्त्याची कर्जे देणाऱ्या संस्थांना आपण सांगितले, की प्रत्येक तिमाहीला कर्जदाराला एक विवरण द्या: आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि व्याजाचा वार्षिक दर. फार उपयोगाचा कागद आहे तो. पण ओव्हरड्राफ्टच्या रूपातल्या घरकर्जाला तो पुरत नाही, कारण तिथे ‘उरलेले हप्ते’ हा आकडाच फसवा असतो. वर पाहिलेच, की व्याज शून्यावर आले तरी कागदावर ५७ हप्ते उरतात. म्हणून अशा कर्जांच्या तिमाही विवरणात आणखी चार आकडे बंधनकारक करावेत. तिमाहीतली सरासरी जास्तीची शिल्लक किती होती. तिच्यामुळे किती व्याज वाचले. साधे कर्ज असते तर त्या दिवशीच्या दराने किती व्याज कमी लागले असते, म्हणजेच जादा दराची किंमत किती पडली. आणि शिल्लक अशीच राहिली तर व्याज लागणारी रक्कम कोणत्या महिन्यात शून्य होईल.

पहिल्या तीन आकड्यांवरून कर्जदाराला स्वतःच कळेल, की आपण रेषेच्या वर आहोत की खाली. आणि जो सलग खाली राहतो, त्याला त्याच बँकेत, त्याच गहाणखतावर, नवे प्रक्रिया शुल्क न भरता साध्या कर्जात जाता यावे. आज तशी सोय मागितली तर शाखेत सांगतात, की नवा अर्ज करा. दोन लाख ठेवून वर्षाला सात हजार गमावणाऱ्या माणसाला हा तोटा दिसावा आणि तो थांबवताही यावा, तरच त्या विवरणाचा उपयोग.

कर्ज देण्याआधी द्यायच्या मुख्य तथ्य पत्रकाबाबतही हेच म्हणणे आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते किरकोळ मुदत कर्जांना सक्तीचे झाले. ओव्हरड्राफ्टच्या रूपातले घरकर्ज त्यात नावानिशी यावे, आणि तिथे साध्या कर्जाचा दर शेजारी छापलेला असावा. दोन दर एकमेकांशेजारी दिसले, की कर्जदार पहिला प्रश्न विचारेल: हा जास्तीचा पाव टक्का भरून निघायला मला किती पैसे ठेवावे लागतील? त्याचे उत्तर देणारा तक्ता त्या पत्रकाच्या मागच्या बाजूला सहज मावतो. कर्जाची रक्कम उभी, दरांतला फरक आडवा, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा.

तो तक्ता तयार करून मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे आणि येणाऱ्याला दाखवतो. आपल्या विभागाला हवा असेल तर गणितासह पाठवून देईन. पण तो माझ्या टेबलापेक्षा कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा, आणि तिथे तो फक्त आपल्या आदेशानेच पोहोचू शकतो.

आपला विश्वासू,
एक करसल्लागार
डोंबिवली, जि. ठाणे